दुप्पट, पण कशाच्या?

गेल्या पावसाळ्यात बेंगळुरूच्या विमानतळावर रात्री पावणेनऊच्या सुमारास मी उतरलो. मुलीचे घर जयनगरला, म्हणजे शहराच्या दुसऱ्या टोकाला, विमानतळापासून सुमारे चाळीस किलोमीटर. बाहेर पाऊस होता. सामान हाती येताच मी ॲप उघडले तेव्हा पडद्यावर १,०२० रुपये हा आकडा दिसला. घरी पोहोचल्यावर प्रत्यक्षात १,५२१ रुपये द्यावे लागले. फरक बरोबर ५०१ रुपयांचा. लग्नातल्या अहेराच्या पाकिटावर शोभावा असा. मुलगी म्हणाली, "बाबा, इथे असंच असतं, सोडून द्या." सेवेतली तीन वर्षे मी परिवहन खात्यात काढली आहेत. टॅक्सी आणि रिक्षांच्या दरनिश्चितीच्या फायली तेव्हा माझ्याच टेबलावरून जात. त्यामुळे सोडून देणे जमले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर मी ती पावती मांडून बसलो.

फरक चार कारणांनी पडला होता. मागणी वाढल्यामुळे लागलेली दरवाढ, जिला सारे जण 'सर्ज' म्हणतात, तिचे २७० रुपये. पथकराचे १२०. आधीची एक फेरी रद्द केल्याबद्दल ७५. आणि चालकाला थांबवून ठेवल्याबद्दल ३६. बेरीज ५०१. हिशेबात चूक नव्हती. अडचण वेगळीच होती. यांपैकी प्रत्येक रक्कम योग्य की अयोग्य, हे ठरवण्यासाठी जी माहिती लागते, ती पावतीवर कुठेच नव्हती.

पहिली घटना रद्दशुल्काची. १,०२० रुपयांना मी जी गाडी ठरवली होती, तिचा चालक सहा मिनिटांत येणार होता. दोन मिनिटांनी त्याचा फोन आला. कुठे जायचे आणि पैसे रोख देणार की ऑनलाइन, हे त्याने विचारले. ऑनलाइन म्हणताच फोन बंद झाला आणि नकाशावरची गाडी जागची हलेना. नऊ मिनिटे मी त्या स्थिर ठिपक्याकडे पाहत उभा होतो, शेवटी फेरी रद्द केली. चालकाला हवे होते नेमके तेच. फेरी त्याने रद्द केली असती तर त्याच्या खात्यावर तशी नोंद झाली असती आणि दंड किंवा कामाच्या प्राधान्यात घट वाट्याला आली असती. प्रवाशाने कंटाळून रद्द केली की चालक मोकळा, आणि शुल्क प्रवाशाच्या माथी. ते शुल्क त्या क्षणी कापले जात नाही. खात्यावर बाकी राहते आणि पुढच्या फेरीच्या देयकात येऊन बसते. त्यामुळे अनेकांना ते कशाचे, हेच उमगत नाही.

केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये याबाबत मर्यादा आहे. रास्त कारणाशिवाय फेरी रद्द केल्यास भाड्याच्या दहा टक्के, पण शंभर रुपयांहून अधिक नाही, आणि ही तरतूद चालक व प्रवासी दोघांनाही लागू आहे. माझे ७५ रुपये त्या मर्यादेच्या आत होते. प्रश्न 'रास्त कारण' या दोन शब्दांचा. गाडी नऊ मिनिटे हलली नाही, हे कंपनीला माझ्यापेक्षा अधिक अचूक ठाऊक असते, कारण गाडीच्या स्थानाची सेकंदासेकंदाची नोंद तिच्याच यंत्रणेत असते. तरीही शुल्क आपोआप लागते आणि ते अयोग्य असल्याचे सिद्ध करण्याचा भार प्रवाशावर पडतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२२ मध्ये या क्षेत्रातील दोन मोठ्या कंपन्यांना नोटिसा बजावल्या होत्या. त्यातही अवाजवी रद्दशुल्क हा एक मुद्दा होता. माझ्याकडे त्या नऊ मिनिटांतली पडद्याची दोन छायाचित्रे होती. ती पाठवल्यावर चौथ्या दिवशी ७५ रुपये परत आले. ज्याने छायाचित्रे काढली नसतील, त्याने काय करावे?

आता दुसरी गाडी. पहिली रद्द करून पुन्हा मागणी नोंदवली तेव्हा त्याच अंतराला १,२९० रुपये दिसू लागले. दहाएक मिनिटांत २७० रुपयांची वाढ. या काळात मी तीस पावलेही चाललो नव्हतो. दोन विमाने उतरली होती एवढेच.

सर्जमागची कल्पना मूर्खपणाची नाही, हे प्रथम मान्य करायला हवे. एखाद्या भागात गाड्या मागणाऱ्यांची संख्या मोकळ्या गाड्यांपेक्षा फार वाढली की दर एका पटीने वाढवायचा. त्यामुळे ज्यांना घाई नाही ते थांबतात, आणि दूरच्या चालकांना त्या भागात यावेसे वाटते. सरकारी दरपत्रकाला पाऊस कळत नाही. मुसळधार पावसात ठरलेल्या दराने टॅक्सी मिळत नाही हा अनुभव ॲप येण्यापूर्वी आपण सर्वांनीच घेतला आहे, आणि त्या वेळी चालक जे तोंडी मागत असे, तोही सर्जच होता. फरक इतकाच, की तो चालकाच्या खिशात जाई आणि त्यावर घासाघीस करता येई.

परंतु या युक्तिवादाला विमानतळावर मर्यादा पडतात. तेथे गाड्या रांगेत आधीच उभ्या असतात. दूरच्या चालकाला तेथे पोहोचायला तासभर लागतो. दहा मिनिटांत चढलेला दर पाहून कोणी तेवढ्यात येऊन पोहोचत नाही. अशा ठिकाणी वाढीव दराने पुरवठा फारसा वाढत नाही, फक्त मागणी गाळली जाते. शिवाय वाढीव रक्कम चालकापर्यंत कितपत पोहोचते हा निराळा विषय. माझा चालक मंड्याकडचा तरुण होता. घरी पोहोचल्यावर त्याने स्वतःहून आपला फोन माझ्यापुढे धरला. "सर, तुमच्याकडे किती दाखवतंय?" असे त्याने विचारले. त्याच्या पडद्यावर पथकर वगळून ९०५ रुपये होते. माझा आकडा ऐकल्यावर तो काही बोलला नाही, नुसती मान हलवली.

सरकार दर कसा ठरवते, हे थोडे सांगायला हवे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ६७ नुसार भाड्याचे दर ठरवण्याचा अधिकार राज्य सरकारचा आहे. आमच्या काळी गाडीची किंमत, तिच्यावरील कर्जाचे व्याज, इंधन, टायर, दुरुस्ती, विमा, चालकाचे निर्वाहवेतन आणि रिकाम्या फिरण्याचे किलोमीटर यांचा ताळा मांडून प्रतिकिलोमीटर दर काढला जाई. महाराष्ट्रातील वाचकांना हकीम समिती आणि खटुआ समिती ही नावे याच संदर्भात आठवतील. कर्नाटकने २०२४ च्या प्रारंभी एक पाऊल पुढे टाकले. नेहमीच्या शहरी टॅक्सी आणि ॲपवरच्या टॅक्सी यांना एकच दरपत्रक लागू केले. दहा लाख रुपयांपर्यंतच्या गाडीला पहिल्या चार किलोमीटरसाठी १०० रुपये आणि पुढे प्रत्येक किलोमीटरला २४ रुपये. त्याहून महागड्या गाड्यांसाठी चढत्या क्रमाने आणखी दोन गट. प्रतीक्षेची पहिली पाच मिनिटे विनामूल्य, त्यानंतर मिनिटाला एक रुपया. मध्यरात्री बारा ते सकाळी सहा या वेळेत दहा टक्के अधिक. ॲप कंपन्यांना पाच टक्के वस्तू व सेवा कर आणि पथकर वेगळा घेण्याची मुभा. सर्जला त्यात जागाच नाही.

हे दरपत्रक हाताशी असल्यामुळे माझी पावती तपासणे शक्य झाले. अंतर चाळीस किलोमीटर. पहिल्या चारचे १००, उरलेल्या छत्तीसचे प्रत्येकी २४ प्रमाणे ८६४, एकूण ९६४ रुपये. त्यावर पाच टक्के कर धरला की १,०१२ रुपये २० पैसे. म्हणजे मला सर्वप्रथम दिसलेला १,०२० हा आकडा सरकारी दराशी जवळजवळ तंतोतंत जुळत होता. नंतरच्या १,२९० मधून कर वजा केला तर १,२२८ रुपये ५७ पैसे उरतात, म्हणजे सरकारी भाड्याच्या सव्वा पटीहून थोडे अधिक.

मग हे अधिक भाडे बेकायदा होते काय? येथे आपल्या संघराज्याची गंमत सुरू होते. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात 'ॲग्रीगेटर' हा शब्द आला आणि कलम ९३ खाली त्यांना परवाना घेणे बंधनकारक झाले. परवाना देताना राज्ये केंद्राच्या मार्गदर्शक सूचना अनुसरू 'शकतील', असे त्या कलमात म्हटले आहे. कायद्याच्या भाषेत 'शकतील' आणि 'अनुसरतील' यांत फार अंतर असते, हे सेवेत पहिल्याच वर्षी शिकवले जाते. नोव्हेंबर २०२० च्या पहिल्या सूचनांनी सर्जला मूळ भाड्याच्या दीडपटीची कमाल मर्यादा घातली. १ जुलै २०२५ रोजी आलेल्या नव्या सूचनांनी ती दुप्पट केली, आणि राज्यांनी तीन महिन्यांत त्या स्वीकाराव्यात असे सुचवले. म्हणजे माझी पावती दिल्लीच्या दोन्ही कागदांनुसार मर्यादेत बसते, आणि विधानसौधातून निघालेल्या दरपत्रकानुसार बसत नाही. प्रवासी एकच, रस्ता एकच, पाऊसही एकच.

वृत्तपत्रांत 'दीडपट की दुप्पट' यावर बरीच चर्चा झाली. माझ्या मते खरा प्रश्न गुणकाचा नाही, गुण्याचा आहे. दुप्पट, पण कशाच्या? केंद्राच्या सूचनांनुसार मूळ भाडे म्हणजे त्या वर्गाच्या वाहनासाठी राज्याने अधिसूचित केलेले भाडे. कंपनीच्या मनातला नेहमीचा दर नव्हे. पण माझ्या पावतीवर 'फेरीचे भाडे' असा एकच आकडा आहे. त्यात मूळ भाडे किती, सर्ज किती, कर किती, कंपनीचा हिस्सा किती, यांची फोड नाही. गाडी दहा लाखांच्या आतली की बाहेरची, हेही नाही. ॲपवर गाड्यांचे वर्ग कंपनीने स्वतः ठेवलेल्या नावांनी दिसतात आणि त्या नावांचा सरकारी गटांशी काही संबंध नसतो. मूळ भाडेच दिसत नसेल तर मर्यादा दीडपटीची ठेवा, दुपटीची ठेवा, नाहीतर दहापटीची. ती पाळली की मोडली हे प्रवाशाला कळणार नाही आणि रस्त्यावर उभ्या असलेल्या परिवहन निरीक्षकालाही कळणार नाही.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून येथे थोडे मागे जातो. १८७९ च्या 'हॅकनी कॅरेज ॲक्ट'ने नगरपालिकांना भाडोत्री घोडागाड्यांचे दर अंतरावर आणि वेळेवरही मर्यादित करण्याचा अधिकार दिला होता. एवढेच नव्हे, गाडी वेळेवर ठरवली असेल तर ती किमान किती वेगाने हाकली पाहिजे, हेही ठरवता येत असे. गाडीवान मुद्दाम रेंगाळला तर वेळेचे भाडे वाढते, हे त्या काळच्या कायदेकर्त्यांना ठाऊक होते. पुढे १८९१ मध्ये व्हिल्हेल्म ब्रून या जर्मन तंत्रज्ञाने टॅक्सीमीटर तयार केला. अंतर आणि वेळ या दोहोंचे भाडे प्रवाशाच्या डोळ्यांसमोर एकाच चकतीवर चढू लागले. आपल्याकडे त्या मीटरची तपासणी वजनमापे खाते करते आणि त्यावर शिक्का मारते. फोनमधल्या अंतरमापनावर असा कोणताही शिक्का नाही. मीटरमध्ये लबाडी होत नसे असे माझे मुळीच म्हणणे नाही. पण ती लबाडी पकडण्यासाठी एक वस्तू हाती होती. ती निरीक्षकाला उघडून पाहता येत असे.

प्रतीक्षेच्या ३६ रुपयांची कथा याच मुद्द्याशी जोडलेली आहे. दुसऱ्या गाडीच्या चालकाने 'पोहोचलो' असे नोंदवले तेव्हा तो वाहनतळाच्या दुसऱ्या बाजूला होता आणि मी ठरलेल्या फलकाखाली उभा होतो. उपग्रहाच्या दृष्टीने आम्ही एकाच जागी होतो. मजल्यांचा आणि भिंतींचा फरक त्या ठिपक्याला कळत नाही. गाडी त्या बिंदूच्या ठरावीक परिघात आली की घड्याळ सुरू होते. दोघांनी फोनवरून एकमेकांना शोधण्यात पंधरा मिनिटे गेली. कंपनीच्या नियमाप्रमाणे पहिली तीन मिनिटे मोफत, पुढची बारा मिनिटे प्रत्येकी तीन रुपयांनी. राज्याच्या दरपत्रकाप्रमाणे पाच मिनिटे मोफत आणि पुढच्या दहा मिनिटांचे दहा रुपये झाले असते. रक्कम क्षुल्लक आहे. पण दर मिनिटाला तिप्पट आकार घेतला गेला, आणि तो बहुतेकांच्या लक्षातही येणार नाही, कारण दरपत्रक कोणाच्या खिशात नसते. त्यातही चूक चालकाची नव्हती. त्याचीही पंधरा मिनिटे गेलीच होती.

पथकराबद्दल माझी तक्रार नाही. तो अंदाजात धरलेला नसतो, असे पडद्यावर बारीक अक्षरांत लिहिलेले होते आणि मी ते वाचायला हवे होते. तरी एक तपशील जाणकारांनी लक्षात घ्यावा. २००८ च्या राष्ट्रीय महामार्ग शुल्क नियमांनुसार चोवीस तासांच्या आत परतणाऱ्या वाहनाला दोन्ही वेळचे मिळून दीडपट शुल्क पडते, दुप्पट नव्हे. फास्टॅगमध्ये ही सवलत परतीच्या वेळी आपोआप लागू होते. एकाच मार्गावर दिवसात ये-जा करणारी टॅक्सी प्रत्येक प्रवाशाकडून एकेरी फेरीचा पूर्ण पथकर घेत असेल, तर दोन प्रवाशांकडून मिळून दोन हिस्से जमा होतात आणि नाक्यावर दीड हिस्साच जातो. माझ्या १२० रुपयांपैकी त्या दिवशी चालकाच्या फास्टॅगमधून प्रत्यक्षात किती गेले, हे पावतीवरून ठरवता येत नाही.

आता पुन्हा बेरीज. राज्याच्या दराने ९६४ रुपये भाडे, १० रुपये प्रतीक्षा, त्यांवर पाच टक्के कर ४८ रुपये ७० पैसे आणि पथकर १२०. एकूण १,१४२ रुपये ७० पैसे. परत मिळालेले ७५ वगळता मी दिले १,४४६. म्हणजे ३०३ रुपये ३० पैसे जास्त. मी निवृत्तिवेतनधारक असलो तरी या रकमेने माझे काही अडले नाही. ज्याला रोज रात्रपाळी संपवून अशाच गाडीने घरी जावे लागते, त्याचा महिन्याचा हिशेब मात्र वेगळा होईल.

या दरांविरुद्ध स्पर्धा कायद्याचा मार्ग काहींनी पूर्वी चोखाळला आहे. ॲपच्या माध्यमातून सारे चालक एकच दर आकारतात, म्हणजे ही दरांची युती आहे, असा तो युक्तिवाद होता. स्पर्धा आयोगाने तो अमान्य केला, आणि डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही. चालकांनी आपापसांत दर ठरवल्याचा करार दिसत नाही, असे आयोगाचे म्हणणे होते. कायदेशीर दृष्ट्या ते पटण्याजोगे आहे. दर ठरवणारे चालक नाहीतच, हे माझ्या मंड्याच्या तरुणाने एका वाक्यात सांगितले असते. परिणामी उरतात ते दोनच मार्ग, ग्राहक कायदा आणि परवान्याच्या अटी. ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक उपयोगी पडतो, विशेषतः रद्दशुल्कासाठी, कारण तेथे घटना स्पष्ट असते. सर्जबाबत तक्रार केली तर 'मागणीनुसार दर' एवढे उत्तर मिळते आणि प्रकरण मिटते.

परवान्याच्या अटींत मात्र बरेच करता येईल, आणि त्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. पावतीवर पाच ओळी सक्तीच्या कराव्यात: अधिसूचित मूळ भाडे, लागू केलेली पट, प्रतीक्षेची सुरुवात व शेवट यांची वेळ, प्रत्यक्ष कापला गेलेला पथकर, आणि चालकाला मिळालेली रक्कम. ही सारी माहिती कंपनीकडे आधीपासून असते, ती छापायला एक रुपयाही खर्च येत नाही. कंपन्या म्हणतील, दर ठरवण्याचे सूत्र हे आमचे व्यापारी गुपित आहे. सूत्र कोणी मागत नाही. उत्तर काय आले, एवढेच विचारले जात आहे. महाराष्ट्रानेही २०२५ मध्ये ॲप टॅक्सींसाठी प्रतिकिलोमीटर मूळ दर जाहीर करून सर्जला दीडपटीची मर्यादा घातली आहे. तेथील प्रवाशांनी आपल्या पावतीवर तो मूळ दर दिसतो का, हे एकदा पाहावे.

रद्दशुल्क परत आल्यावर मी कंपनीला दुसरे पत्र पाठवले. त्यात एकच प्रश्न होता: माझ्या फेरीसाठी आपण मूळ भाडे किती धरले होते? तीन दिवसांनी उत्तर आले. माझे भाडे त्या वेळची मागणी, अंतर आणि वाहतुकीची स्थिती विचारात घेऊन योग्य प्रकारे आकारण्यात आले आहे, असे त्यात लिहिले होते, आणि खाली त्यांच्या सेवेला एक ते पाच यांपैकी किती तारे द्याल, अशी विचारणा होती. ते पत्र, पावती आणि माझा हिशेब मी राज्याच्या परिवहन आयुक्तालयाला पाठवला आहे. पोच आली आहे.